दारातल्या उन्हात आणि हॉलच्या ट्यूबखाली एकच साडी

मुंजीत मावशीला मध्येच साडी बदलायला सवड मिळेलच असं नाही. सकाळी आठला हॉलच्या दारात पाहुण्यांचं स्वागत, मग आत मातृभोजन, मुहूर्त, पंगत, दुपारभर आहेर आणि गप्पा, आणि संध्याकाळी भिक्षावळ. यातले उन्हातले तास थोडे, बाकी सगळा दिवस छतावरच्या ट्यूबखाली. साडी मात्र बहुतेक वेळा एकाच उजेडात पसंत केलेली असते. दुकानाच्या झगझगीत दिव्यांवर विश्वास नसलेल्या बायका ती दाराशी नेऊन बघतात. ही जुनी सवय चांगलीच, पण तिने परीक्षा अर्धीच होते. उन्हात खुललेला वांगी रंग हॉलमध्ये काळपट का दिसतो, हे त्यातून कळत नाही.

सूर्याच्या उजेडात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे सगळे रंग सलग असतात. साडीचा रंग त्यातला काही भाग शोषून घेतो आणि उरलेला आपल्या डोळ्यांकडे परतवतो. जुन्या पद्धतीच्या ट्यूबमध्ये पाऱ्याची वाफ आणि काचेला आतून लावलेली पावडर मिळून उजेड तयार होतो. त्यात निळा, हिरवा आणि नारिंगीकडे झुकणारा लाल असे काही उंचवटे असतात, मधल्या जागा तोकड्या. आता सर्रास लागणाऱ्या पांढऱ्या एलईडी ट्यूबमध्ये निळा उजेड भरपूर, त्याच्या पुढे निळ्या-हिरव्याच्या मध्ये खळगा, मग पिवळ्याचा रुंद पट्टा. दोन्ही प्रकारांत गडद तांबड्याची मात्र चणचण असते. काही मिनिटांत आपले डोळे त्या उजेडाला सरावतात, पांढरी भिंत पांढरीच वाटते आणि उजेड बदलल्याचं भानही राहत नाही. पण जो रंग उजेडात कमीच आहे, तो साडी परतवणार कुठून?

म्हणून सर्वांत जास्त दगा देतात ते दोन रंगांच्या सीमेवर बसलेले रंग. वांगी, जांभळा आणि वाइन हे तांबड्या-निळ्याच्या तोलावर उभे असतात. ट्यूबखाली तांबडा कमी पडला की जांभळा निळ्याकडे कलतो आणि वाइनमधला लाल मरून तो तपकिरी-काळा दिसू लागतो. मोरपिशीही तसाच, खिडकीशी निळा आणि आत गेल्यावर हिरवट. उलट ज्या रंगांचा भार एकाच बाजूला आहे ते फारसे हलत नाहीत. हळदी, केशरी, शेंदरी झाक असलेला लाल, पानाचा हिरवा, स्वच्छ निळा हे रंग दोन्हीकडे ओळखू येतात. लाल घ्यायचाच असेल तर मरूनपेक्षा शेंदरीकडे झुकलेला घ्यावा, कारण त्याला लागणारा नारिंगी उजेड ट्यूबमध्ये बऱ्यापैकी असतो. पिवळ्यात मात्र लिंबू रंग जपून घ्यावा. पांढऱ्या ट्यूबखाली तो हिरवट दिसतो आणि चेहराही निस्तेज वाटतो.

दुसरी गोष्ट रंगाच्या गडदपणाची. दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, सावलीत दहा हजारांच्या आसपास, आणि हॉलमध्ये अनेकदा दोनशे-तीनशेच. इतक्या कमी उजेडात कुठलाही रंग थोडा फिकाच पडतो, पण गडद रंग थेट काळ्याच्या जवळ जातात. बाटली हिरवा, नेव्ही आणि मरून या तीन साड्या हॉलच्या कोपऱ्यात शेजारी बसल्या तर त्यांच्यातला फरक लांबून कळत नाही. म्हणून आवडीचा रंग एक-दोन छटा उजळ घेतला तर तो दिवसभर टिकतो. फार फिका घेऊनही चालत नाही. अबोली किंवा मोतिया उन्हात पांढराच वाटतो.

धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. ऊन एका बाजूने येतं, त्यामुळे निऱ्यांच्या घड्यांवर कधी हा रंग चमकतो, कधी तो. ट्यूबचा उजेड वरून आणि सगळीकडून पसरट येतो, घड्यांमधला तो खेळ मंदावतो आणि दोन रंगांचं मिश्रणच जास्त दिसतं. लाल-हिरव्याचं मिश्रण मातकट होतं, तर गुलाबी-केशरी किंवा निळा-हिरवा अशा शेजारच्या रंगांचं मिश्रण स्वच्छ राहतं.

समजा, कपाटातल्या तीन साड्यांतून एक निवडायची आहे: वांगी नारायणपेठ, मोरपिशी सेमी-पैठणी आणि हिरव्या काठाची हळदी रेशमी. सकाळी अकराच्या सुमारास खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, पदर खांद्यावर घेऊन आरशात बघावं आणि घरातल्या कोणाला तरी आठ-दहा फुटांवरून बघायला सांगावं. हातातली घडी बघून अंदाज येत नाही, चेहऱ्याजवळचा पदरच खरं सांगतो. मग रात्री पिवळे दिवे बंद करून फक्त ट्यूब लावावी, डोळे सरावेपर्यंत थांबावं आणि तेच पुन्हा करावं. सकाळी तिघींत वांगीच उठून दिसेल. रात्री ती निळसर काळी होईल आणि लांबून अंगावरच्या बुट्ट्या दिसेनाशा होतील. मोरपिशी हिरवट होईल, तरी वाईट दिसणार नाही. हळदी किंचित फिकी पडेल, पण हळदीच राहील आणि हिरवा काठ ट्यूबखाली अधिकच उठेल. दिवसभरासाठी हळदी. फोनवर फोटो काढून तुलना करू नये, कारण कॅमेरा आपल्या मनाने रंग दुरुस्त करतो.

मोरपिशीची खरी अडचण ब्लाऊजची आहे. मॅचिंग सेंटरमध्ये ट्यूबखाली अगदी जुळलेलं टू बाय टू कापड उन्हात वेगळं दिसतं, याचं कारण रेशमाचा आणि सुती कापडाचा रंग वेगवेगळ्या रसायनांचा असतो. एका उजेडात ते सारखे दिसले तरी दुसऱ्या उजेडात तसेच दिसतील याची खात्री नसते. साडीतलाच ब्लाऊजपीस वापरला तर हा प्रश्न येत नाही. तो नसेल तर जुळवण्याच्या नादी न लागता काठाच्या रंगाचं ब्लाऊज घालावं. तिथे मुळातच फरक अपेक्षित असल्याने थोडी छटा हलली तरी खटकत नाही.

घरची ट्यूब हॉलसारखी आहे का, हे तिच्या टोकाशी छापलेल्या आकड्यांवरून बरंच कळतं. जुन्या प्रकारच्या ट्यूबवर 765 किंवा 865 असं काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा रंग किती खरे दिसतात ते सांगतो, 7 पेक्षा 8 बरा. पुढचे 65 म्हणजे 6500K, निळसर पांढरा उजेड. एलईडी ट्यूबवर 6500K असं सरळच छापतात. 8 आकड्याच्या ट्यूबमध्येही गडद तांबडा तोकडाच असू शकतो, कारण तो आकडा ज्या आठ नमुन्यांवरून काढतात त्यांत भडक लाल नसतो.

हॉलमध्ये आणखी एक उजेड असतो, स्टेजवरच्या पिवळ्या दिव्यांचा. त्यात तांबडा भरपूर असल्याने वांगी आणि वाइन तिथे पुन्हा खुलतात. ज्या बाईचा बहुतेक वेळ स्टेजवर जाणार आहे, त्या मुंजमुलाच्या आईने वांगी नारायणपेठ खुशाल नेसावी. दार आणि पंगत सांभाळणाऱ्या मावशीने हळदी.