न बांधलेल्या घरात फिरवणारा आवाज

बांधकामाच्या जागी अजून खड्डाच असतो आणि मोबाइलवर मात्र सॅम्पल फ्लॅटचा व्हिडिओ येऊन पोचतो. सोफा, झुंबर, खिडकीतून ऊन. नीट पाहिलं तर कळतं की कॅमेरा कुठेही चालत नाहीये. संगणकावर काढलेली सात-आठ स्थिर चित्रं, म्हणजे रेंडर, एकामागून एक येतात आणि प्रत्येकावर संथ झूम दिलेला असतो. चालण्याचा भास आवाज निर्माण करतो.

समजा, पुण्यातला एक टू बीएचके आहे आणि व्हिडिओ साठ सेकंदांचा. सुरुवातीला नकाशा पाच सेकंद, मग सात चित्रं प्रत्येकी सात सेकंद, शेवटी नोंदणी क्रमांकाची पाटी सहा सेकंद. सावकाश मराठी निवेदनात सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात. श्वासाला जागा सोडली, तर एका चित्राच्या वाट्याला दहा-बारा शब्द येतात. त्यातले सात ‘प्रशस्त आणि आलिशान दिवाणखान्यात तुमचं मनःपूर्वक स्वागत’ यातच गेले, तर सांगायचं काय उरलं? प्रशस्त दिसतंय की नाही ते माणूस बघतोच आहे.

स्थिर चित्राला जे दाखवता येत नाही, ते आवाजाने सांगायचं. सगळ्यात मोठी अडचण खोल्यांच्या जोडाची. हॉलचं चित्र संपतं, स्वयंपाकघराचं लागतं. पण हॉलमधून तिकडे जायचं कुठून, हे दोन्ही चित्रांत नसतं. म्हणून नकाशावर आवाज म्हणतो, ‘टू बीएचके, कार्पेट सहाशे पासष्ट चौरस फूट, बाल्कनी वेगळी.’ हॉलवर, ‘दार उघडलं की समोर हॉल. रुंदी दहा फूट, लांबी सोळा.’ आणि दोन चित्रांनंतर, ‘जेवणाच्या टेबलामागे डावीकडे स्वयंपाकघर. ओट्याच्या टोकाला दार, दारापलीकडे ड्राय बाल्कनी.’ ही वाक्यं कोरडी वाटतील, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात घर उभं राहतं ते त्यांनीच. ‘डावीकडे’ म्हणताना झूम उजवीकडे सरकत असेल, तर मात्र सगळाच घोळ. त्यामुळे आधी मोबाइलवर कच्चं निवेदन रेकॉर्ड करून त्यावर चित्रांची लांबी आणि दिशा बसवणं बरं. संहितेत आकडे अक्षरांतच लिहावेत, ‘१०'६"’ हे स्टुडिओत कोण कसं वाचेल, सांगता येत नाही.

मापं बोलून दाखवण्यामागे आणखी एक कारण आहे. रेंडर बहुतेक वेळा रुंद कोनातून काढलेले असतात. भिंती लांब जातात, कडेचा पलंग ताणलेला दिसतो आणि दहा फुटांची खोली चौदाची वाटते. पडताळा जमिनीवरच असतो. फरशी दोन फुटी असेल, तर दहा फुटांत पाचच बसायला हव्यात. मोजल्यावर सात भरल्या, तर चित्र किंवा माप यांपैकी एक चुकलंय, आणि निवेदन लिहिणाऱ्याने ते रेकॉर्डिंगच्या आधी विचारायला हवं. उन्हाचंही तेच. रेंडर करणारा सूर्य हवा तिकडून आणतो. बाल्कनी उत्तरेची असली, तर तिथे वर्षाचा बराच काळ थेट ऊन नसतं. ‘सकाळच्या कोवळ्या उन्हात चहा’ लिहिण्याआधी नकाशावरचा उत्तरेचा बाण बघावा. (हा चहा जवळपास प्रत्येक संहितेत असतोच.)

‘बाल्कनी वेगळी’ हे दोन शब्दही उगाच नाहीत. रेरा म्हणजे २०१६च्या स्थावर संपदा कायद्यानुसार कार्पेट एरियात घराच्या आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती आणि खासगी बाल्कनी धरत नाहीत. चित्रात हॉल आणि बाल्कनी सलग दिसतात, म्हणून आकडा कशाचा ते आवाजाने सांगावं लागतं. रेंडरमधलं फर्निचर घरासोबत मिळणार नसेल, तर तेही बोलून सांगावं. कोपऱ्यातली बारीक अक्षरं मोबाइलवर कोणी वाचत नाही.

याच कायद्याने जाहिरातीत प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक बंधनकारक केला आहे. शेवटचे सहा सेकंद त्यासाठी असतात आणि तिथे आवाजाने गप्प राहिलेलं चांगलं, म्हणजे वाचायला वेळ मिळतो. महारेराने ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केला. कलम १२ त्याहून महत्त्वाचं. जाहिरातीतल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडायचं असेल, तर रक्कम व्याजासह परत मागता येते.

तेव्हा बुकिंगचा धनादेश देण्याआधी तो व्हिडिओ आवाजासकट उतरवून ठेवा, आणि त्यात ऐकलेली मापं करारातल्या नकाशाशी ताडून बघा.