विकल्प-कराराचे कालमूल्य

ठराविक मुदतीत वा मुदतीअखेर, ठरलेल्या किंमतीस, एखादा शेअर किंवा वस्तू विकत घेण्याचा अथवा विकण्याचा हक्क देणाऱ्या, परंतु तसे करण्याचे बंधन न घालणाऱ्या कराराला विकल्प-करार (ऑप्शन) म्हणतात. हक्कासाठी धारक विक्रेत्याला जी रक्कम देतो, ते अधिमूल्य होय व करारातील ठरलेली किंमत ही अंमल-किंमत होय. खरेदीचा हक्क देणारा तो खरेदी-विकल्प (कॉल) आणि विक्रीचा हक्क देणारा तो विक्री-विकल्प (पुट). मुंबईच्या शेअरबाजारात हे व्यवहार अनुक्रमे ‘तेजी’ व ‘मंदी’ या नावांनी पूर्वापार परिचित होते. रोखे करार (विनियमन) अधिनियम, १९५६ च्या विसाव्या कलमाने ते बेकायदेशीर ठरविले. १९९५ मध्ये हे कलम वगळण्यात आले. राष्ट्रीय शेअरबाजारात जून २००१ मध्ये निर्देशांकावरील व जुलै २००१ मध्ये निवडक शेअरांवरील विकल्प-करार सुरू झाले. हे करार प्रमाणित असून बाजारात दररोज खरेदी-विक्रीस उपलब्ध असतात. त्यामुळे फायद्यात आलेल्या विकल्पाच्या धारकापुढे दोन मार्ग असतात : हक्काचा अंमल करणे किंवा तो हक्कच दुसऱ्यास विकणे. यांपैकी दुसरा मार्ग बहुधा अधिक लाभदायक ठरतो.

अधिमूल्याचे घटक : अधिमूल्याचे दोन भाग पडतात. तत्काळ अंमल केल्यास जे पदरी पडेल, ते आंतरिक मूल्य. उर्वरित भाग म्हणजे कालमूल्य. समजा, एका शेअरचा बाजारभाव ५४० रु. असून त्यावरील ५०० रु. अंमल-किंमतीचा खरेदी-विकल्प, मुदत संपण्यास एक महिना उरला असता, ५५ रुपयांस विकला जात आहे. येथे आंतरिक मूल्य ४० रु. व कालमूल्य १५ रु. आहे. करार एक हजार शेअरांचा असेल, तर अंमल करणाऱ्यास ४०,००० रुपयांचा लाभ मिळतो, तर विकल्प विकणाऱ्यास ५५,००० रु. मिळतात. अंमल होताच हक्क संपुष्टात येतो आणि त्याबरोबर १५,००० रुपयांचे कालमूल्यही नाहीसे होते. ते कोणी काढून घेत नाही. धारक स्वतःच ते सोडून देतो.

धारकास शेअरच हवे असले, तरी निष्कर्ष बदलत नाही. अंमल केल्यास प्रत्येक शेअरसाठी ५०० रु. मोजावे लागतात. उलट, विकल्प ५५ रुपयांस विकून शेअर बाजारात ५४० रुपयांस घेतल्यास निव्वळ खर्च ४८५ रु. येतो. दोन्ही मार्गांनी हाती तोच शेअर येतो. फरक पुन्हा १५ रुपयांचाच राहतो. दलाली व कर यांमुळे हा फरक थोडा कमी होतो इतकेच.

कालमूल्याची कारणे : पहिले कारण व्याजाचे. खरेदी-विकल्पाचा धारक ५०० रु. आज न देता महिनाभराने देऊ शकतो. व्याजाचा दर द. सा. द. शे. ६ धरल्यास ही सवलत सुमारे अडीच रुपयांची आहे. दुसरे कारण संरक्षणाचे. शेअरचा भाव महिनाभरात ४५० रुपयांपर्यंत घसरला, तर अंमल करून शेअर घेतलेल्यास ५०० च्या खालची घसरणही सोसावी लागते. विकल्पधारक मात्र हक्क सोडून देऊन त्यातून मुक्त होतो. भाव चढल्यास दोघांचाही लाभ सारखाच वाढतो. भावात चढउतार जितके अधिक व मुदत जितकी लांब, तितके हे संरक्षण महाग. शेअरवर लाभांश मिळणार नसेल, तर खरेदी-विकल्पाचा मुदतपूर्व अंमल कधीही लाभदायक नसतो, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९७३ मध्ये सिद्ध केले.

कालमूल्य स्थिर नसते. मुदतीच्या दिवशी ते शून्य होते. अंमल-किंमत बाजारभावाच्या आसपास असेल, तर ते साधारणपणे उरलेल्या मुदतीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. म्हणजे मुदतीचा एक चतुर्थांश भाग उरला असता कालमूल्य निम्मे उरते व ते शेवटच्या दिवसांत झपाट्याने संपते. म्हणून विकल्प बाळगून ठेवणे हाही खर्चच असतो. विक्री केव्हा करावी हे धारकाच्या भावाविषयीच्या अंदाजावर अवलंबून राहते.

अपवाद : मोठा लाभांश मिळणार असेल, तर लाभांशानंतर शेअरचा भाव उतरतो, पण विकल्पधारकास लाभांश मिळत नाही. अशा वेळी कालमूल्य नगण्य असलेल्या खरेदी-विकल्पाचा, लाभांशाचा हक्क संपण्यापूर्वी, अंमल करणे योग्य ठरू शकते. विक्री-विकल्प फार फायद्यात असेल, तर विक्रीची रक्कम लवकर हाती येऊन मिळणारे व्याज कालमूल्याहून अधिक भरू शकते. तिसरा अपवाद बाजाराचा आहे. ग्राहक थोडे असल्यास देऊ केलेला भाव आंतरिक मूल्याहूनही कमी असू शकतो. वरील उदाहरणात ग्राहक ३७ रुपयेच देत असेल, तर ४० रु. मिळवून देणारा अंमल बरा. विक्रीपूर्वी देऊ केलेल्या भावाची आंतरिक मूल्याशी तुलना करणे, हीच याची कसोटी होय.

भारतातील स्थिती : २००१ ते २०१० या काळात शेअरांवरील विकल्प अमेरिकन पद्धतीचे होते, म्हणजे मुदतीतील कोणत्याही दिवशी अंमल करता येई. फरक रोखीने व त्या दिवसाच्या बंद भावानुसार चुकता होई. २०११ च्या आरंभापासून ते यूरोपीय पद्धतीचे, म्हणजे केवळ मुदतीअखेर अंमल होणारे झाले. परिणामी मुदतीपूर्वी लाभ पदरात पाडून घेण्याचा विक्री हाच मार्ग उरला.

मुदतीअखेर कालमूल्य उरत नसले, तरी अंमल व विक्री यांत करामुळे मोठा भेद पडत असे. ऑगस्ट २०१९ अखेरपर्यंत अंमल झालेल्या विकल्पावर रोखे व्यवहार कर संपूर्ण व्यवहारमूल्याच्या ०·१२५ टक्के होता. विक्रीवर मात्र २०१६ पासून तो अधिमूल्याच्या ०·०५ टक्के होता. समजा, निफ्टी निर्देशांकाचा १०,००० अंमल-किंमतीचा, ७५ एककांचा खरेदी-विकल्प निर्देशांक १०,०१० असताना मुदतीस पोहोचला. लाभ ७५० रु., पण कर ७,५०,७५० रुपयांवर, म्हणजे सुमारे ९३८ रु. फायद्यातील विकल्पावर अशा रीतीने १८८ रुपयांचे नुकसान होई. तोच विकल्प अखेरच्या क्षणी १० रुपयांस विकला असता कर एक रुपयाहूनही कमी पडला असता. १ सप्टेंबर २०१९ पासून अंमलावरील कर केवळ आंतरिक मूल्यावर आकारला जाऊ लागला व हा विपरीत परिणाम दूर झाला.

शेअरांवरील विकल्पांत मात्र दुसरा भेद निर्माण झाला. सेबीच्या आदेशानुसार जुलै २०१८ पासून टप्प्याटप्प्याने व ऑक्टोबर २०१९ पर्यंत सर्व शेअरांच्या बाबतीत प्रत्यक्ष शेअरांची देवघेव सक्तीची झाली. वरील उदाहरणातील धारकाने विकल्प मुदतीपर्यंत ठेवल्यास त्याला ५ लाख रु. भरून एक हजार शेअर घ्यावे लागतात. ५५,००० रु. गुंतविणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या वा मुंबईच्या किरकोळ गुंतवणूकदारापाशी एवढी रक्कम असेलच असे नाही. तिची तजवीज नसल्यास अखेरच्या दिवसांपूर्वीच विकल्प विकून मोकळे होणे क्रमप्राप्त ठरते.