४९९.९५ ला स्टॉपलॉस का नको

ट्रेडिंग करणारी चार माणसं एकत्र बसली की एक तक्रार हमखास निघते: "माझा एसएल उडवला आणि तिथूनच भाव वर गेला!" मग कुणीतरी ऑपरेटरच्या नावाने बोटं मोडतं, कुणी ब्रोकरवर संशय घेतं. दोन्ही आरोपांत क्वचित तथ्य असेलही. पण बहुतेक वेळा खुलासा इतका नाट्यमय नसतो. आपला स्टॉपलॉस कुणी बघितलेला नसतो, तो कुठे असेल हे फक्त ओळखलेलं असतं. आणि ते ओळखणं सोपं असतं, कारण तो सगळ्यांच्या स्टॉपलॉसशेजारीच ठेवलेला असतो.

स्टॉपलॉस म्हणजे अट घातलेली ऑर्डर. ५१८ ला घेतलेला शेअर ५०० च्या खाली आला तर विकून टाक, असं आपण सिस्टिमला सांगून ठेवतो. एनएसईवर अशी ऑर्डर ट्रिगर होईपर्यंत वेगळ्या बुकात पडून असते. पडद्यावर खरेदी-विक्रीचे जे पाच भाव दिसतात त्यांत ती दिसत नाही. ट्रिगरचा भाव लागला की ती बाजारात उतरते आणि इतर ऑर्डरींसारखी दिसू लागते. म्हणजे आपली एकटी ऑर्डर सुरक्षित आहे. धोका तिच्या आजूबाजूच्या गर्दीचा आहे.

ही गर्दी नेमकी कुठे होते याचा चांगला पुरावा चलन बाजारातून आला. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञ कॅरोल ऑस्लर यांना एका मोठ्या बँकेकडच्या ग्राहकांच्या सुमारे साडेनऊ हजार ऑर्डरी अभ्यासायला मिळाल्या. काळ होता १९९९ आणि २०००, तर चलनं होती डॉलर, येन, पौंड वगैरे नेहमीची. २००३ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. नफा घेण्याच्या ऑर्डरी बरोब्बर गोल आकड्यांवर गोळा झाल्या होत्या. स्टॉपलॉस मात्र आकड्याच्या किंचित पलीकडे होते: विक्रीचे गोल आकड्याच्या जरा खाली, खरेदीचे जरा वर. प्रत्येकाला वाटलं असणार की ५० किंवा १०० वर न ठेवता थोडं पलीकडे ठेवून आपण हुशारी केली. अशी हुशारी शेकडो जणांनी केली की तीच नवी गर्दी होते.

यातून बाजाराचं एक वागणं उलगडतं. भाव खाली येत ५०० ला टेकतो, तेव्हा तिथे खरेदीच्या आणि आधी शॉर्ट केलेल्यांच्या नफावसुलीच्या ऑर्डरी असतात, म्हणून तो बऱ्याचदा तिथून उसळतो. पण ती खरेदी संपली आणि भाव ४९९.९० ला गेला, की विक्रीचे स्टॉपलॉस ट्रिगर होऊ लागतात. ट्रिगर झालेला स्टॉपलॉस मिळेल त्या भावाला विकतो. त्या विक्रीने भाव आणखी घसरतो आणि खालचे स्टॉपलॉस ट्रिगर होतात. काही मिनिटं बाजार उतरणीवर सुटलेल्या ट्रकसारखा धावतो. मग सक्तीची विक्री संपते, मोठा खरेदीदार स्वस्तात माल उचलतो आणि भाव पुन्हा ५०० च्या वर येतो. ज्याला मोठ्या संख्येने शेअर घ्यायचे आहेत त्याला एवढी विक्री एकाच जागी दुसरीकडे कुठे मिळणार? यात कट असायलाच हवा असं नाही.

कधी कधी मात्र कट असतोही. चलन बाजारातल्या बँकांना ग्राहकांचे स्टॉपलॉस माहीत असत. नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रिटनच्या नियामकाने पाच बँकांना मोठा दंड ठोठावला, तेव्हा ग्राहकांचे स्टॉपलॉस मुद्दाम ट्रिगर करण्याचे प्रयत्न हाही एक ठपका होता. आपल्याकडच्या छोट्या ट्रेडरला हा किस्सा माहीत असावा, पण प्रत्येक तोट्याचं खापर त्याच्यावर फोडू नये.

मग ठेवायचा कुठे? गोल आकड्यापासून किती पैसे दूर, या हिशेबातून खरं उत्तर मिळत नाही. आधी स्वतःला विचारायचं की आपण हा शेअर का घेतला आणि कोणत्या भावाला ते कारण चुकीचं ठरेल. चढत्या शेअरचं एक साधं लक्षण असतं: प्रत्येक घसरण आधीच्या घसरणीपेक्षा वरच्या भावाला थांबते. चार्टवरच्या या तळांना ट्रेडर स्विंग लो म्हणतात. शेवटचा स्विंग लो ठामपणे तुटला, तर चढण चालू आहे हा आपला अंदाज मोडला. म्हणून स्टॉपलॉसची जागा त्या तळामागे. शॉर्ट केलं असेल तर हेच उलट, शेवटच्या शिखराच्या वर.

एक उदाहरण घेऊ. शेअर काल्पनिक आहे, आकडे नेहमी दिसतात तसे. भाव ४६२ वरून ५३१ पर्यंत चढला, मग चार-पाच दिवस खाली येऊन ५०३.६० ला थांबला आणि पुन्हा वर निघाला. आपण ५१८ ला घ्यायचं ठरवलं. कारण: ५०३.६० हा टिकलेला तळ आहे आणि शेअर तिथून वळला आहे.

पहिली डोळ्यात भरणारी जागा ५०३.५०, तळाच्या लगेच खाली. पुस्तकांत, क्लासांत, यूट्यूबवर सगळीकडे हीच शिकवतात, म्हणून इथेही गर्दी आहे. गोल आकडा टाळला एवढ्यावर समाधान मानू नये, दिसणारा स्विंग लोसुद्धा आता गोल आकड्याइतकाच जगजाहीर आहे. दुसरी जागा ४९९.९५, ५०० च्या जरा खाली. ती ऑस्लर यांच्या निष्कर्षातलीच जागा.

म्हणून तळाच्या मागे थोडं अंतर सोडायचं. किती, ते शेअरच्या चालीवर ठरतं. चार्टवर एटीआर लावला की गेल्या १४ दिवसांतला सरासरी दैनिक चढउतार कळतो, समजा तो १० रुपये आहे. त्याच्या निम्मं, म्हणजे ५ रुपये, तळाखाली सोडले तर भाव येतो ४९८.६०. पण थांबा, तो ५०० च्या अगदी पायथ्याशी आहे. ५०० खालचे स्टॉपलॉस ट्रिगर झाले तर त्या एका झटक्यात भाव सहज तिथपर्यंत जाईल. आणखी दोन रुपये खाली सरकून आपण ४९६.४० धरतो. भाव इथवर आला तर तळही तुटला आणि ५०० चा आधारही टिकला नाही. मग शेअर धरून ठेवायला कारण उरत नाही. निम्मा एटीआर हा काही नियम नाही. शांत शेअरमध्ये त्याहून कमी पुरतं, निकालाच्या आठवड्यात दुप्पटही अपुरं पडतं.

इथे बहुतेकांचा हात थबकतो, कारण तोटा वाढलेला दिसतो. ५०३.५० ला प्रति शेअर १४.५० रुपये जाणार होते, ४९६.४० ला २१.६० जातील. याचं उत्तर शेअरच्या संख्येत आहे. भांडवल ५ लाख आणि एका सौद्यात जास्तीत जास्त १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये, गमवायची तयारी असेल, तर जवळच्या स्टॉपलॉसवर ३४४ शेअर घेता येतात आणि लांबच्यावर २३१. दोन्हींत तोटा जवळपास तितकाच. आधी "पाचशे शेअर घेतो" असं ठरवून मग खिशाला परवडेल तिथे स्टॉपलॉस लावणारा माणूस हा हिशेब उलटा करतो. चार्टला त्याच्या खिशाचं काय सोयरसुतक!

नफ्याचं गणितही यामुळे बदलतं. ५६० ला जुना अडथळा आहे आणि नफावसुलीच्या ऑर्डरी गोल आकड्यावरच जमतात, म्हणून आपण विक्री अलीकडे ५५८.५० ला लावतो. संभाव्य नफा ४०.५० रुपये. ५०३.५० चा स्टॉपलॉस धरला तर जोखमीच्या जवळपास पावणेतीन पट, ४९६.४० चा धरला तर दोन पटींहून थोडा कमी. पहिलं गुणोत्तर कागदावर देखणं दिसतं, पण त्यात स्टॉपलॉस विनाकारण उडण्याची शक्यता मोजलेलीच नाही. दोन पटींखाली सौदा करायचाच नाही असा ज्याचा नियम आहे, त्याने हा सौदा सोडून द्यावा किंवा भाव ५१० च्या आसपास येण्याची वाट बघावी. स्टॉपलॉस वर सरकवून गुणोत्तर सुधारू नये.

जागा बरोबर निवडली तरी ऑर्डरचा प्रकार घोळ घालू शकतो. एसएल-एम प्रकारात ट्रिगर लागला की मिळेल त्या भावाला विक्री होते. साध्या एसएलमध्ये ट्रिगरसोबत लिमिटही द्यावी लागते. ट्रिगर ४९६.४० आणि लिमिट ४९६.३५ दिली, तर वेगाने कोसळणारा भाव लिमिट ओलांडून जातो, ऑर्डर विकली न जाता पडून राहते आणि शेअर आपल्या गळ्यात. लिमिट दीड-दोन रुपये खाली, ४९४.५० वगैरे, ठेवलेली बरी. ऑप्शनमध्ये भलत्याच भावांना सौदे होऊ लागले म्हणून एनएसईने २०२१ मध्ये तिथे एसएल-एम बंद केलं, त्यामुळे ऑप्शनवाल्यांना लिमिटचा विचार करावाच लागतो.

आणि काही दिवशी जागा कुठलीही असली तरी फरक पडत नाही. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ पासून एक युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ दिला नव्हता. १५ जानेवारी २०१५ ला तिने हा पाठिंबा अचानक काढला आणि काही मिनिटांत युरो १ फ्रँकच्याही खाली गेला. १.१९९० ला स्टॉपलॉस असलेला आणि १.१९ च्या बराच मागे असलेला, दोघांचेही सौदे ठरवलेल्या भावापासून कितीतरी दूर तुटले, कारण मध्ये खरेदीदारच नव्हता. ब्रोकर अल्पारीची ब्रिटनमधली कंपनी त्यात दिवाळखोर झाली. शेअरमध्ये हेच रात्रीत घडतं: ५१० ला बंद झालेला शेअर सकाळी ४८५ ला उघडला, तर ४९६.४० हा नुसता आकडा राहतो. अशा दिवशी वाचवते ती शेअरची कमी संख्या.

आपला स्टॉपलॉस गर्दीत आहे की नाही, हे वहीवरून कळतं. प्रत्येक उडालेल्या स्टॉपलॉसपुढे दोन नोंदी करायच्या: भाव त्याच्या खाली आणखी किती गेला, आणि पुढच्या तीन-चार दिवसांत आपल्या खरेदीच्या भावाला परत आला का. तीस-चाळीस सौद्यांनंतर बघावं. बहुतेक वेळा भाव दोन-चार रुपये खाली जाऊन परतला असेल, तर जागा गर्दीची आहे, अंतर वाढवायचं आणि संख्या कमी करायची. भाव खाली जाऊन खालीच राहिला असेल, तर स्टॉपलॉसने त्याचं काम केलं आहे, आणि बघायला हवी ती आपली शेअर निवडण्याची पद्धत.