शून्यावर अर्धी रक्कम परत

फ्रेंच रूलेटच्या चाकावर 37 घरं असतात: 18 लाल, 18 काळी आणि एक हिरवं शून्य. दर फेरीला लालवर 100 युरो लावले आणि 37 फेऱ्यांत प्रत्येक घर एकदा आलं, तर लाल-काळ्याचा हिशेब फिटतो. शून्याचे 100 युरो मात्र कसिनोचे. 3700 वर 100, म्हणजे 2.7 टक्के. ‘ला पार्ताज’ नियमात शून्य आल्यास 50 युरो लगेच परत मिळतात आणि तोटा 1.35 टक्क्यांवर येतो. ‘आँ प्रिझों’मध्ये रक्कम पुढच्या फेरीपर्यंत अडकते, लाल आलं तर नुसती मुद्दल सुटते. तोटा जवळपास तेवढाच. ही सवलत लाल-काळा, सम-विषम, लहान-मोठा एवढ्यांनाच. एका आकड्यावर लावलेले पैसे शून्यावर पूर्ण जातात. टेबलावर हा नियम आहे का, हे आधी विचारावं.