वाळूच्या पाच जादा खेपा

फलटणजवळच्या एका गावात माझ्या मावसभावाने नऊशे चौरस फुटांचं घर बांधलं. सिमेंट आणि सळई त्याने स्वतः आणायची, वाळू-खडी ठेकेदाराने पुरवायची आणि तिचे पैसे वेगळे द्यायचे, असं ठरलं होतं. अंदाजपत्रकात ओळ होती : ‘वाळू १६ ब्रास, दर ब्रासला ७,००० रुपये.’ तोंडी बोलताना मात्र दोघंही ‘आठ खेपा’ म्हणायचे, कारण गाडी दोन ब्रासची मानलेली. शेवटचं बिल आलं तेरा खेपांचं. १,१२,००० रुपयांच्या जागी १,८२,०००, म्हणजे ७०,००० रुपये जास्त.

भावाने रागात पत्र लिहिलं आणि मला दाखवलं. ‘आपण माझी फसवणूक केली आहे’ हे पहिलंच वाक्य. मी बांधकामाच्या साइटवर मोजमापं घेण्यात उमेदीची वर्षं घालवली आहेत. अशा पत्राचं काय होतं ते मला ठाऊक आहे. ठेकेदार म्हणतो, ‘कामाने खाल्लं एवढं, मी काय करू?’ आणि त्याला उत्तर देता येईल असं आपल्याकडे काहीच नसतं. म्हणून पत्र बाजूला ठेवलं आणि दोन दिवस टेप घेऊन घर मोजलं.

सगळ्यात आधी खेपेचा हिशेब सोडून ब्रासचा धरायचा. ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे माप आहे. खेप हे माप नाही. प्लास्टर चालू असताना आलेल्या एका गाडीचा हौदा भावाने मोजला होता. आतून लांबी १० फूट, रुंदी साडेसहा फूट, आणि वाळू सारखी केल्यावर उंची अडीच फूट. गुणाकार येतो साधारण १६२ घनफूट, म्हणजे १.६ ब्रास. फाळक्याच्या वरपर्यंत, तीन फूट भरली असती तर १९५ झाली असती, आणि तिला दोन ब्रास म्हणता आलं असतं. हौद्यात मधोमध दिसणारं शिखर डोळ्यांना फसवतं. कडेला वाळू खाली असते, म्हणून उंची चार कोपऱ्यांत आणि मध्ये मोजून सरासरी घ्यावी लागते. पण भावाने मोजली होती एकच गाडी. ‘सगळ्या गाड्या कमी होत्या’ असं पत्रात लिहिण्याचा हक्क त्याला नव्हता.

पुढचा प्रश्न खरा महत्त्वाचा : या घराला वाळू लागते किती? पाया, कॉलम, बीम आणि स्लॅब मिळून काँक्रीट भरलं साधारण १,००० घनफूट. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी या प्रमाणाने १०० घनफूट काँक्रीटला ४२ घनफूट वाळू जाते. म्हणजे ४२० घनफूट. वीटकाम १,१०० घनफूट, एकास सहाचा माल, त्याला सुमारे ३१५. आतून-बाहेरून प्लास्टर ४,६०० चौरस फूट, एकास चारचा माल, त्याला ३०५. फरशीखालच्या मालाला १३०. बेरीज ११७० घनफूट, पावणेबारा ब्रास.

एवढीच वाळू मागवून मात्र भागत नाही. चाळणीत खडे आणि गाळ निघतो, थोडी जमिनीत मिसळते, पावसाने वाहते. त्यासाठी दहा टक्के धरले. आणि वाळू फुगते. ओलसर वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर असतो, तो कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो, म्हणून तीच वाळू जास्त जागा व्यापते. ठेकेदार हे कारण सांगतात तेव्हा ते खोटं नसतं. तपासायला सरळ काचेची बरणी पुरते. साइटवरची ओली वाळू न दाबता २० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरायची, ती बाहेर काढून बरणीत अर्धं पाणी घ्यायचं, वाळू परत टाकून काठीने ढवळायची आणि बसू द्यायची. पाण्यात पूर्ण बुडाली की फुगवटा जातो. आमच्या बरणीत ती साडेसोळा सेंटिमीटरवर बसली. उतरलेल्या साडेतीनला साडेसोळाने भागलं तर २१ टक्के फुगवटा. पावणेबारा ब्रासमध्ये दहा टक्के नासधूस आणि त्यावर वीस टक्के फुगवटा मिळवला, तर साडेपंधरा ब्रासच्या आसपास आकडा येतो. म्हणजे अंदाजपत्रकातले १६ ब्रास बरोबर होते, आणि नासधूस-फुगवटा त्यात आधीच धरलेला होता. तीच कारणं पुन्हा सांगून जादा खेपा मागता येत नाहीत.

तरीही ही सारी मोजमापं ‘तुमची’ असतात. ठेकेदार म्हणू शकतो की माझ्या माणसांनी माल जाड लावला. इथे साक्षीला उभं राहतं सिमेंट. ते मालकाने आणलेलं, दुकानाची बिलं त्याच्याकडे, आणि गोणी फुगत नाही. पन्नास किलोची एक गोणी म्हणजे सव्वा घनफूट. एकास चारच्या मालात एका गोणीबरोबर पाच घनफूट वाळू जाते, एकास सहामध्ये साडेसात, आपल्या काँक्रीटमध्ये दोन घनफुटांहून थोडी कमी. माल जाड लागला असता तर वाळूबरोबर सिमेंटही त्याच पटीत जास्त गेलं असतं. भावाच्या बिलांवर ३८५ गोण्या होत्या आणि सहा उरल्या होत्या. वापर ३७९. घराचा हिशेब सांगतो ३४८, आणि मागून बांधलेल्या कुंपणाच्या भिंतीला सत्तावीस. दोन्ही मिळून ३७५. चार गोण्यांचा फरक म्हणजे काहीच नाही.

आता उलट बाजूने बघा. बिलाप्रमाणे २६ ब्रास वाळू खरोखरच या कामात गेली असेल, तर फुगवटा आणि नासधूस वजा करूनही तेवढ्याच सिमेंटमध्ये दीडपट वाळू मिसळली गेली. मग एकास चारचं प्लास्टर एकास सहाचं झालं, आणि वीटकामातला माल एकास नऊचा. असं प्लास्टर नखाने खरवडलं तरी वाळू सुटते. भावाचं प्लास्टर घट्ट होतं. म्हणून ठेकेदारापुढे दोनच वाटा उरतात : वाळू तेवढी आली नाही हे मान्य करायचं, किंवा आपण ठरल्यापेक्षा कमकुवत माल वापरला हे. पत्राचा सगळा भार मी याच एका मुद्द्यावर ठेवायला सांगितला.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने प्रामाणिकपणे तपासायला हवी. पन्नास फूट कुंपणाची भिंत अंदाजपत्रकात नव्हती, भावाने मागाहून सांगितली होती. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७० असं सांगतं की फुकट करण्याचा हेतू नसताना कोणी आपल्यासाठी कायदेशीर काम केलं आणि आपण त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. लेखी नव्हतं म्हणून पैसे नाहीत, हे चालत नाही, आणि चालू नये. त्या भिंतीला सगळं धरून दीड ब्रास वाळू येते. ते १०,५०० रुपये पत्रातच कबूल करायला लावले. वादातली रक्कम त्यामुळे ५९,५०० वर आली.

शेवटी गेलेलं पत्र असं होतं :

‘स.न.वि.वि. आपल्या अंतिम बिलात वाळूच्या १३ खेपा, म्हणजे २६ ब्रास लावले आहेत. आपल्यात ठरलेल्या अंदाजपत्रकात १६ ब्रास, दर ७,००० रुपये असे आहे. वाढीव वाळूबद्दल काम चालू असताना मला काही कळवले गेले नव्हते.

कुंपणाची भिंत मी मागाहून सांगितली. तिची दीड ब्रास वाळू मला मान्य आहे. मूळ रकमेपैकी राहिलेले पैसे आणि हे १०,५०० रुपये आज आपल्या खात्यावर भरले आहेत. उरलेले ५९,५०० रुपये मला मान्य नाहीत. वरील रक्कम भरल्याने पूर्ण बिल मान्य केले असा अर्थ होत नाही.

कामात ३७९ गोण्या सिमेंट वापरले गेले. ठरलेल्या प्रमाणात एवढ्या सिमेंटला लागणारी वाळू, फुगवटा व नासधूस धरून, १७ ब्रासच्या आसपास येते. मोजमापांचा तक्ता व सिमेंटची बिले सोबत जोडली आहेत. २६ ब्रास वापरले असतील, तर कोणत्या कामात व कोणत्या प्रमाणाने, हे कृपया लिहून द्यावे.

प्रत्येक खेपेची तारीख, गाडी क्रमांक, वाहतूक परवान्याची प्रत आणि साइटवर सही झालेली चिठ्ठी मिळावी. प्लास्टरच्या वेळी मोजलेल्या एका गाडीत १.६ ब्रास वाळू होती. तिचा फोटो सोबत आहे. पंधरा दिवसांत आपण साइटवर यावे, दोघे मिळून मोजू. माझ्या मोजण्यात चूक निघाली तर तेवढे पैसे देईन.’

वाहतूक परवाना मागण्यामागे कारण आहे. महाराष्ट्रात वाळू हे गौण खनिज आहे आणि तिची वाहतूक ‘महाखनिज’ या शासकीय प्रणालीतून निघालेल्या परवान्यावर व्हायला हवी. त्यावर गाडीचा क्रमांक, तारीख आणि ब्रासमध्ये परिमाण असतं. बिलातल्या खेपा या कागदांशी जुळवून बघता येतात. एखादी खेप वाळूचं सगळं काम संपल्यानंतरच्या तारखेची निघाली, तर तिच्याबद्दल वेगळं काही बोलावंच लागत नाही.

पत्र व्हॉट्सअॅपवर पाठवलंच, शिवाय पोचपावतीसह टपालानेही. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापर्यंत नेण्याची वेळ आली असती, तर पोचपावती लागली असती. घरबांधणी ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवा मानली आहे आणि तक्रारीला वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. पत्रात ही धमकी घालू नका, असं मी भावाला सांगितलं. मोजायला या म्हटल्यावर माणूस येतो. आयोगात खेचतो म्हटलं की वकिलाकडे जातो.

ठेकेदार अकराव्या दिवशी आला. चिठ्ठ्यांची वही त्याच्या मुकादमाकडे होती. तिच्यात या साइटच्या दहा खेपांवर सही सापडली. राहिलेल्या तीनपैकी दोन खेपा फरशी बसल्यानंतरच्या तारखांच्या होत्या, आणि तिसरीला तारीखच नव्हती. भावानेही एक गोष्ट आठवून कबूल केली : मागच्या दारातल्या पायऱ्यांखाली मुरमाऐवजी वाळू भरायला त्यानेच सांगितलं होतं. ती जागा मोजली, एक ब्रास निघाली. त्या दिवशी भावाने आणखी ७,००० रुपये दिले, ठेकेदाराने बिलावर ‘वाळूचा हिशेब पूर्ण, येणे बाकी नाही’ असं लिहून सही केली, आणि ७०,००० रुपयांची जादा मागणी १७,५०० वर मिटली.