कॅश जुळेपर्यंत थांबणाऱ्यांचे आभार

बँकेत नव्याने लागलेल्या क्लार्कला प्रशिक्षण केंद्रात आठ-पंधरा दिवस बसवतात. तिथे नियम, परिपत्रकं, संगणकाचे मेनू आणि ग्राहकांशी कसं बोलायचं याची व्याख्यानं होतात. मग शाखेत पोस्टिंग मिळतं आणि पहिल्या सोमवारी समोर वीस माणसांची रांग उभी राहते. त्या वेळी शेजारच्या खुर्चीवर बसून "आधी पैसे मोज, मग संगणकाला हात लाव" असं सांगणारं जे कोणी असतं, काम खरं तर तेच शिकवतं. बहुतेक शाखांत ते हेड कॅशियर असतात, कधी दोन-चार वर्षं आधी लागलेला एखादा सहकारी. या माणसाचे आभार कसे मानावेत, हे लिहायचं आहे. मी बरीच वर्षं शाखांमध्ये काम केलं, काउंटर सांभाळले, त्यामुळे उदाहरणही तिथलंच घेते.

आभार मानायचे तर या माणसाने नेमकं काय दिलं ते आधी ठाऊक हवं. कॅश काउंटरवरची पहिली शिकवण क्रमाची असते. भरणा घेताना आधी नोटा मोजायच्या, स्लिपच्या मागे कुठल्या किमतीच्या किती नोटा आल्या ते लिहायचं आणि मगच खात्यात जमेची एंट्री करायची. पैसे द्यायचे असतील तर उलटं: आधी खात्यातून रक्कम नावे टाकायची, अधिकाऱ्याची मंजुरी लागत असेल तर ती घ्यायची आणि शेवटी नोटांना हात घालायचा. एका वेळी काउंटरवर एकाच ग्राहकाचे पैसे ठेवायचे. पहिल्याची रक्कम ड्रॉवरमध्ये गेल्याशिवाय दुसऱ्याची स्लिप हातात घ्यायची नाही. ऐकायला सोपं आहे. पण रांगेतला तिसरा माणूस "अहो, गाडी चुकेल माझी" म्हणत असतो, तेव्हा नवा माणूस नेमका हा क्रम मोडतो. शिकवणारा शेजारून फक्त हात पुढे करून त्याला थांबवतो. पहिल्या आठवड्यात हे दिवसातून कितीतरी वेळा होतं आणि त्याचा आवाज एकदाही चढत नाही.

या धीराची किंमत संध्याकाळी कळते. शाखेची तिजोरी दोघांच्या ताब्यात असते, त्याला जॉइंट कस्टडी म्हणतात. एक किल्ली कॅश सांभाळणाऱ्याकडे आणि दुसरी अधिकाऱ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडतही नाही आणि बंदही होत नाही. नव्या मुलीची कॅश जुळली नाही तर ती एकटी अडकत नाही. तिच्याबरोबर हे दोघेही थांबतात, कारण तिची कॅश आत गेल्याशिवाय तिजोरी बंद करता येत नाही. शिवाय कमी पडलेली रक्कम सहसा कॅशियरच्याच खिशातून भरली जाते, म्हणून नवख्या माणसाच्या हातांना घाम फुटलेला असतो.

अशी एक संध्याकाळ सांगते. नव्याने आलेल्या एका मुलीची कॅश ५,४०० रुपयांनी कमी आली. ती रडवेली होऊन सगळ्या गड्ड्या पुन्हा मोजायला लागली. हेड कॅशियर मॅडम म्हणाल्या, "अगं, नोटा राहू दे. आकड्याला नवाने भाग जातोय का ते बघ." गेला. ५,४०० भागिले ९ म्हणजे ६००. शेजारशेजारच्या दोन आकड्यांची उलटापालट झाली की येणारा फरक नेहमी नवाच्या पटीत असतो. मग त्यांनी दिवसभराच्या भरण्याच्या स्लिपा काढायला लावल्या आणि फक्त आकडे उलटे पडलेत का तेवढंच बघायला सांगितलं. एका स्लिपवर रक्कम होती २,८००, संगणकात पडली होती ८,२००. स्लिपच्या मागे मुलीच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: पाचशेच्या पाच, शंभराच्या तीन. पुरावा तिथेच होता. खात्यात जास्तीचे ५,४०० जमा झाले होते, म्हणून संगणकाच्या हिशेबात कॅश जास्त हवी होती आणि हातात तेवढी नव्हती.

पुढचं कामही मॅडमनीच करून घेतलं. अधिकाऱ्याच्या मंजुरीने चुकीची एंट्री त्याच दिवशी उलटवली आणि बरोबर रक्कम जमा केली. मग मुलीलाच ग्राहकाला फोन करायला लावला, कारण त्याच्या मोबाइलवर ८,२०० जमा झाल्याचा मेसेज आधीच गेला होता. "तू सांग. उद्या तो काउंटरवर तुझ्याकडेच येणार आहे," असं म्हणून त्या बाजूला बसून राहिल्या.

नवाचा हा ताळा सगळीकडे लागू पडत नाही, हेही त्यांनी लगेच सांगितलं. ४,५०० चा फरक नवाने भागला जातो, पण त्या पाचशेच्या नऊ नोटाही असू शकतात. फरक नवाच्या पटीत नसेल, तर त्याची निम्मी रक्कम काढून तेवढ्याची स्लिप शोधायची. भरण्याची एंट्री देण्याच्या बाजूला पडली असेल, तर फरक दुप्पट दिसतो. आणि फरक नेमका शंभर किंवा पाचशेचा असेल, तर मात्र मुकाट्याने गड्ड्या मोजायच्या, कारण शंभर नोटांच्या गड्डीत कधी नव्याण्णवच निघतात. हे सगळं प्रशिक्षणाच्या वहीतही सापडेल कदाचित, पण फरक हातात असताना कुठलं आधी बघायचं हे शेजारच्या खुर्चीवरच कळतं.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे, ती म्हणजे खोटी नोट. ती ओळखायला शिकणं फार कठीण नाही. पाचशेच्या नोटेचा सुरक्षा धागा नोट तिरपी केली की हिरव्याचा निळा होतो, कडेला बोटाला लागतील अशा पाच रेघा असतात, उजेडात धरली की गांधीजींचा जलचिन्हातला चेहरा दिसतो. काही दिवसांत बोटांनाच कागद कळायला लागतो. अवघड असतं ते समोरच्याला सांगणं. खोटी नोट आढळली की ती ग्राहकाला परत देता येत नाही. तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करावी लागते आणि त्याला पावती द्यावी लागते, पण खात्यात तिचे पैसे जमा होत नाहीत. एका व्यवहारात चारपर्यंत खोट्या नोटा निघाल्या तर महिन्याच्या शेवटी पोलिसांना एकत्रित अहवाल जातो, पाच किंवा त्याहून जास्त निघाल्या तर लगेच गुन्हा नोंदवावा लागतो.

आता समोर भाजी विकून पैसे भरायला आलेली बाई असेल आणि तिच्या गल्ल्यात अशी एक नोट निघाली तर? ती नोट तिने छापलेली नाही, कोणीतरी तिच्या गळ्यात मारलेली आहे. चांगले हेड कॅशियर इथे नव्या माणसाला मागे बसवतात आणि स्वतः बोलतात: "मावशी, तुमचा काही दोष नाही. पण ही नोट मला परत देता येत नाही, कायदाच तसा आहे. ही पावती घ्या." आवाज खाली, रांगेला ऐकू जाणार नाही इतका. पुढच्या वेळी नवा माणूस बोलतो आणि ते ऐकत बसतात. माणसाची अब्रू राखून नियम पाळण्याची ही पद्धत कुठल्याही परिपत्रकात लिहिलेली नसते.

आता आभाराकडे येते. आपल्याकडे या माणसांचे आभार एकाच दिवशी मानले जातात, निवृत्तीच्या दिवशी. शाल, श्रीफळ, पेढे, आणि भाषणात "त्यांच्या मोलाच्या मार्गदर्शनाबद्दल आम्ही ऋणी आहोत" हे वाक्य. तेच वाक्य कॅशियरला लागू पडतं, मॅनेजरला पडतं, शिपायाला पडतं, म्हणून ते कोणाच्याच मनाला लागत नाही. माझं ठाम मत आहे की हे आभार लेखी असावेत, वेळेवर असावेत आणि त्यात निदान एक तरी प्रसंग नावानिशी असावा.

वेळ कुठली? शिकण्याच्या काळातच मानलेले आभार बऱ्याचदा मदत मागण्याआधीच्या गोड बोलण्यासारखे वाटतात, आणि सुट्टीचा अर्ज पुढे करण्याच्या आदल्या दिवशी तर नकोतच. सरकारी बँकांत क्लार्कचा परिविक्षा काळ सहसा सहा महिन्यांचा असतो. कायम झाल्याचं पत्र हातात पडलं की तो आठवडा योग्य. तोवर शिकवलेलं अंगवळणी पडलेलं असतं आणि आपल्याला त्या माणसाकडून काही हवंही नसतं.

पत्रात काय लिहावं? त्या ५,४०० च्या मुलीने साधारण असं लिहिलं असतं तर मला ते उत्तम वाटलं असतं: "मॅडम, फरक आला की आधी नवाने भागून बघायचं हे तुम्ही शिकवलंत, त्यामुळे आता कॅश जुळेना झाली तरी माझे हात थरथरत नाहीत. त्या संध्याकाळी तुमची नेहमीची बस चुकली, तरी तुम्ही घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाहीत. ग्राहकाला फोन मला करायला लावलात, तेव्हा राग आला होता, आता त्याचं कारण कळतं." तीन वाक्यं. शिकवलेली गोष्ट, त्या माणसाने सोसलेली गैरसोय आणि आपल्या कामात झालेला फरक, तिन्ही त्यात आहेत.

पत्राची एक प्रत शाखा व्यवस्थापकांना द्यावी का? द्यावी, पण आधी त्यांना विचारून. नव्या माणसाला शिकवण्यात गेलेले तास हेड कॅशियरच्या कामाच्या हिशेबात कुठेच दिसत नाहीत, त्यांचं स्वतःचं रजिस्टर मात्र त्या आठवड्यात मागे पडलेलं दिसतं. व्यवस्थापकांना हे कागदावर कळलं तर बरंच. मात्र त्या प्रतीत आपल्या चुकांची यादी नको, दुसऱ्या सहकाऱ्याशी तुलना नको, आणि घाईत नियमाला थोडा बगल देणारी एखादी मदत त्यांनी केली असेल तर तिचा उल्लेख चुकूनही नको. चांगल्या भावनेने लिहिलेली ओळ तपासणीच्या वेळी त्यांच्याच अंगाशी येऊ शकते. शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर कौतुक करण्याआधीही हाच विचार करावा. काहींना ते आवडतं, काही जण दिवसभर अवघडून बसतात.

भेटवस्तूची फार गरज नाही, महागड्या वस्तूची तर मुळीच नाही. द्यायचंच असेल तर घरचा खाऊ डब्यात घालून सगळ्यांत वाटावा. आणि आभारातून शाखेतला शिपाई सुटू देऊ नये. गड्डीला कागदी पट्टी घट्ट कशी लावायची, कोणता ग्राहक जोरात बोलतो पण मनाने चांगला आहे, आणि दुपारी वीज गेली की जनरेटर सुरू व्हायला किती वेळ लागतो, हे त्याच्याकडूनच कळलेलं असतं.

"आभार कसले, परकी समजतेस का आम्हाला?" असं उत्तर बहुधा मिळेलच. ते ऐकून पत्र परत पर्समध्ये ठेवू नका. हाताने लिहिलेलं एक पान पुरतं. त्यावर तारीख आणि शाखेचं नाव घाला, सही करा, आणि कॅश जुळून तिजोरी बंद झाली की त्यांच्या हातात द्या.