मुहूर्त दहा बाराचा, गजर साडेतीनचा

लग्नात साडी नेसवून देणाऱ्या बाईला पहिला फोन येतो तेव्हा पलीकडून प्रश्न ठरलेला असतो : "नऊवारीचे किती घेता?" तिचा उलटा प्रश्नही ठरलेला असतो : "मुहूर्त कितीचा आहे?" विचारणाऱ्याला वाटतं, विषय टाळतेय. पण तिच्या कामाचा भाव साडीच्या वारांवर कमी आणि घड्याळावर जास्त ठरतो. नऊवारी नेसवायला सरावलेल्या हाताला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास नेमका कुठे बसवायचा, याचं गणित मात्र आदल्या दिवसापासून सुरू होतं.

उदाहरण म्हणून पुण्यातलं एक ब्राह्मणी पद्धतीचं लग्न धरू. मुहूर्त सकाळी दहा वाजून बारा मिनिटांचा. हिशेब इथून मागे मोजायचा. मंगलाष्टकांच्या आधी नवरी गौरीहरापुढे बसते, म्हणजे सव्वानऊला ती तिथे हवी. त्याआधी अर्धा तास फोटोवाल्यांचा. तो नाही दिला तरी ते घेतातच. दागिने, मुंडावळ्या, गजरे यांना अर्धा तास. म्हणजे सव्वाआठला साडी पूर्ण हवी आणि पावणेआठच्या आत नेसवायला सुरुवात. मेकअप आणि केसांना दोन तास, म्हणजे ते पावणेसहाला सुरू. त्याआधी हळद आणि मंगलस्नान. नेसवणारी कार्यालयात सव्वापाचला पोहोचते, घरातून साडेचारला निघते आणि साडेतीनला उठते.

आता कुणी विचारेल, नवरीची साडी पावणेआठला, तर बाई सव्वापाचला कशाला? कारण नवरी रांगेत शेवटची असते. पहिला नंबर नवरीच्या आईचा. ती आणि वडील पुण्याहवाचनाला पाटावर बसतात, त्यामुळे तिची तयारी सगळ्यांच्या आधी लागते. म्हणूनच जाणती नेसवणारी आदल्या दिवशी गुरुजींना फोन करते. पूजा साडेसहाला की सातला, नवरीला देवकाला बसायचंय का, साडी कधी बदलायची, हे सगळं त्यांच्याकडेच पक्कं कळतं. पत्रिकेवर फक्त मुहूर्त असतो.

आईनंतर मावशी, काकू, आत्या, करवल्या. समजा, एकूण आठ जणी. साडीच्या निऱ्या आणि पदर आदल्या दिवशीच पाडून, इस्त्री करून, पिना लावून घडी तयार असेल, तर एकीला बारा मिनिटं लागतात, म्हणजे आठ जणींना दीड तासाच्या थोडं वर. हे प्री-प्लीटिंग केलेलं नसेल, तर एकीला वीस मिनिटं धरायची आणि मग आठ जणींना अडीच तासांहून जास्त. तो तासाभराचा फरक पहाटे कुठूनही भरून निघत नाही. प्री-प्लीटिंगला कमरेचं आणि उंचीचं माप आधी लागतं. मोघम मापाने पाडलेल्या निऱ्या भलत्याच जागी येतात, आणि मग त्या उस्कटून पुन्हा पाडण्यात जास्त वेळ जातो. साडी आदल्या दिवशी हातात येण्याचा आणखी एक फायदा म्हणजे फॉल भलत्याच टोकाला लागलाय, ब्लाउजपीस कापायचाच राहिलाय, हे घोटाळे तेव्हाच दिसतात. पहाटे साडेपाचला ते दिसून काहीच उपयोग नसतो.

प्री-प्लीटिंगचा हा फायदा सहावारीचा. नऊवारीत फार तर पदर आधी पाडून ठेवता येतो, बाकी सगळं अंगावरच.

नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. आत परकर नसतो. गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी किंवा लेगिंग असते. साडी कमरेभोवती घेऊन वरच्या काठांची बेंबीजवळ गाठ मारतात. सगळी साडी या एका गाठीवर उभी राहते. गाठ मारताना नवरीला श्वास सोडायला नव्हे, घ्यायला सांगायचं. पोट आत ओढून मारलेली गाठ नंतर एक तर काचते, नाही तर दम लागून कुणीतरी ती सैल करतं. मग पदराची लांबी ठरवून तो खांद्यावर टाकायचा आणि मधे उरलेल्या कापडाच्या निऱ्या करायच्या. खालचा काठ दोन पायांमधून मागे न्यायचा आणि पाठीमागे कमरेला खोचायचा, तो कासोटा. पुढच्या निऱ्या वर उचलून खोचल्या की ओचा झाला.

काम चांगलं झालंय का, हे पुढून कळत नाही. मागे जाऊन बघायचं. कासोट्याचा काठ कमरेपासून खाली सरळ रेघेत उतरला पाहिजे. तो एका पोटरीकडे कलला असेल, तर कापड दोन्ही पायांवर सारखं वाटलं गेलेलं नाही, आणि चालताना ते आणखी एका बाजूला ओढत जाणार. दुसरी परीक्षा बसण्याची. नवरीला खोलीतच मांडी घालून खाली बसवायचं, उठवायचं, पुन्हा बसवायचं. उभ्याने सुरेख दिसणारी नऊवारी पाटावर बसताच मागून निसटते, कारण खोचताना बसण्यापुरती ढील ठेवलेली नसते. उलट ढील जास्त झाली तर उठताना मागे फुगा येतो. नव्या कडक रेशमाची खोच फुगते आणि फार मऊ रेशमाची सटकते. पहिल्याला दाबून इस्त्री लागते, दुसऱ्याला जास्त पिना. आणि नेसायच्या आधी बाथरूमला जाऊन यायचं, हे नवरीला बजावून सांगायचं. हसण्यावारी नेलं, की दहा वाजता कासोटा सोडावा लागतो.

पिनांचंही एक शास्त्र आहे. खांद्यावरची पिन आतून, ब्लाउजसकट घ्यायची आणि जरीच्या काठात न घालता काठालगतच्या कापडात घालायची. जरीची तार एकदा ओढली गेली की ती बसत नाही. पिनेच्या वळशात कापड अडकू नये म्हणून तिथे आधी एक मणी किंवा छोटं बटण ओवतात. शिवाय नवरीच्या खांद्याला एक खास ताण सोसायचा असतो. तिच्या पदराला नवऱ्याच्या उपरण्याची गाठ बांधतात, आणि दोघं होमाभोवती फिरतात तेव्हा पुढचा माणूस मागच्याला नकळत ओढतोच. खांद्यापासून पदराच्या टोकापर्यंत पुरेशी ढील ठेवलेली नसेल तर तो सगळा ताण पिनेवर येतो आणि महागाचं रेशीम तिथेच फाटतं. काही जणी म्हणूनच गाठ पदराऐवजी शेल्याला बांधायला सुचवतात. घरातल्या मोठ्यांना चालणार असेल, तर सूचना उत्तम आहे.

आता साडीबदलाकडे येऊ. अनेक घरांत मंगलाष्टकांना मामाकडची पिवळी अष्टपुत्री असते आणि मंगलाष्टकं झाली की सासरकडची साडी नेसून नवरी पुढच्या विधींना बसते. या बदलाला वीस मिनिटं मिळतात, तीही गुरुजी दयाळू असतील तर. एवढ्या वेळात केस मोडता कामा नयेत आणि मेकअप पुसता कामा नये. म्हणून डोक्यावरून घालायचं काहीही नको; ब्लाउज पुढून हुकांचे, आणि सकाळी मेकअपला बसतानाही पुढून बटणांचा शर्ट. दुसरी साडी सहावारी असेल तर उंचीचा प्रश्न येतो. मांडवात नवरी अनवाणी, संध्याकाळी स्वागत समारंभाला टाचांची चप्पल. अनवाणी बेताने नेसवलेली साडी चप्पल घातल्यावर घोट्याच्या वर जाते. संध्याकाळी म्हणून आधी चप्पल आणि मग साडी.

शिवलेली नऊवारी या सगळ्यातून सोडवते हे खरं. पाच मिनिटांत चढते आणि बाथरूमची चिंता नसते. करवल्यांना ती ठीक आहे. पण पैठणी कापून शिवायला जीव होत नाही, आणि शिवलेलं माप पुढच्या वर्षी बसेलच असं नाही.

मग पैसे किती? दर शहरागणिक आणि हातागणिक बदलतात, म्हणून दरपत्रक न देता मघाच्याच लग्नाचा हिशेब मांडते. समजा, नवरीच्या दोन साड्यांचे ४,००० रुपये, आठ जणींचे प्रत्येकी ४०० प्रमाणे ३,२०० आणि पहाटेच्या वेळेचे वरचे ८००. झाले ८,०००. पाहुणे मंडळी इथे थांबतात आणि म्हणतात, साडी नेसवायचे आठ हजार! यातून मदतनीस मुलीचे १,५०० जातात. पहाटे साडेचारला सामानाची बॅग घेऊन रिक्षा-बस शोधत बसता येत नाही, त्यामुळे जाण्यायेण्याच्या गाडीचे ९००. पिना, टेप, नाड्या यांचे ३००. हातात राहतात ५,३००. वेळ बघा : आधी नवरीच्या घरी चाचणी नेसवण्याचे दोन तास, आदल्या दिवशी आठ साड्यांचं प्री-प्लीटिंग तीन तास, आणि लग्नाच्या दिवशी साडेतीन ते साडेबारा असे नऊ. चौदा तास, म्हणजे तासाला पावणेचारशेच्या आसपास.

त्यातही हे रोजचं उत्पन्न नाही. चातुर्मासात एरवीचे मुहूर्त नसतात, गुरू-शुक्राच्या अस्तात नसतात; तुळशीचं लग्न लागलं की एकदम गर्दी. एका चांगल्या तारखेला दहा घरांना तीच बाई हवी असते आणि सकाळचे मुहूर्त जवळजवळ असल्याने ती एकाच घरी जाऊ शकते. ॲडव्हान्स घेण्यामागे हेच कारण असतं. तारीख मोडली तर ती सकाळ दुसऱ्या कुणाला विकायची वेळ निघून गेलेली असते.

हिशेबात न धरलेली एक बाब मात्र प्रत्येक कार्यालयात उभी असते. सात वाजता दारातून एक मावशी डोकावतात : "अगं ताई, दोनच मिनिटं, माझ्या निऱ्या तेवढ्या नीट कर ना." त्यांना नाही म्हणणं अवघड, आणि त्यांच्यामागे आणखी तिघी असतात. अनुभवी बायका यावर उपाय म्हणून ठरवतानाच नावांची यादी मागतात आणि यादीबाहेरच्या साडीचा दर आधीच सांगून ठेवतात. यादी घरातल्या एकाच व्यक्तीने, शक्यतो नवरीच्या बहिणीने सांभाळायची.

याच बहिणीला निघताना आणखी एक काम सांगून जातात. रात्री साडी सोडायला नेसवणारी नसते, आणि दमलेल्या हातांनी पदर ओढला की दिवसभर जपलेली जर तिथे जाते. म्हणून लावलेल्या पिनांचा आकडा आणि जागा एका चिठ्ठीवर लिहून द्यायच्या : खांद्यावर दोन, कमरेला तीन, कासोट्याला दोन, शेल्याला एक. आधी शेला, मग खांदा, मग कासोटा आणि गाठ सगळ्यात शेवटी. आठही पिना डबीत आल्याशिवाय साडीची घडी घालायची नाही.